उधारीचा य गण

१९७५ साली गुढीपाडव्याला जे संवत्सर लागलं, त्याचं नाव होतं राक्षस. साठ संवत्सरांची माळ सारखी फिरत असते. आपला नंबर काढायचा हिशेब अगदी सोपा आहे: शके घ्यायचा, त्यात बारा मिळवायचे, साठाने भागायचं आणि बाकी पाहायची. शके १८९७ची बाकी येते ४९, आणि एकोणपन्नासावा मणी राक्षसाचा. त्याच्या आदल्या वर्षीचा मणी आनंदाचा होता. आमच्या आजोबांची पंचाईत झाली ती या दोन मण्यांच्या मधल्या गाठीवर.

आजोबांचं कर्जतच्या बाजारपेठेत किराणामालाचं दुकान होतं. गिऱ्हाईक आसपासच्या गावांतलं: दहिवली, भिसेगाव, मुद्रे ही जवळची, वेणगाव, कडाव, कशेळे अशी जरा लांबची. खोपोलीच्या गाडीने पळसदरीकडून येणारे लोकही होते. १९७४च्या पाडव्याला आजोबांनी पहिल्यांदा गिऱ्हाइकांसाठी शुभेच्छांचं कार्ड छापलं. पिवळ्या जाड कागदावर लाल शाई, वर मधोमध 'श्री', खाली चार ओळींचा श्लोक आणि त्याखाली दुकानाचा पत्ता, 'ता. कर्जत, जि. कुलाबा'. रायगड हे जिल्ह्याचं नाव पुढे १९८१ साली झालं. तो श्लोक असा:

असो वर्ष आनंद नामे तुम्हांला,
नवी पालवी पालवो या घराला;
घरी धान्य राहो, मुखी गोड गाठी,
पुन्हा भेट होवो सुखाच्याच साठी.

पुढे जे सांगतो आहे ते बहुतेक आत्याच्या तोंडून ऐकलेलं आहे. ती तेव्हा शाळेत होती आणि संध्याकाळी गल्ल्यामागच्या पोत्यावर बसून अभ्यास करायची, म्हणून तिच्यासमोर सगळं घडलं. काकांचं म्हणणं थोडं वेगळं आहे. ते म्हणतात, निम्मा श्लोक माझा आहे. आत्या म्हणते, त्याचा एकही शब्द टिकला नव्हता. या दोघांत मी पडत नाही.

मुळात किराणा दुकानदाराने चैत्रातल्या पाडव्याला कार्ड का छापावं? बाजारपेठेतल्या इतर पेढ्यांचं नवं वर्ष दिवाळीत. वहीपूजन तेव्हाच, नवी खतावणी तेव्हाच. सरकारचं वर्ष एक एप्रिलला. आजोबाही वही दिवाळीतच बदलत. पण त्यांचा हिशेब असा होता, की दिवाळीत भाताची कापणी-झोडणी चाललेली असते, शेतकऱ्याचा पैसा अजून खळ्यात पडलेला असतो. शिवाय दिवाळीत सगळेच शुभेच्छा देतात, त्यात आपली कोण वाचणार! चैत्रापर्यंत भात विकून झालेलं असतं आणि लग्नसराई तोंडावर आलेली असते. एका लग्नाचं सामान म्हणजे तांदूळ, तूरडाळ, साखर, गूळ, तेल, मिरच्या, सुपाऱ्या. चार महिन्यांची फुटकळ विक्री एका यादीत. ती यादी कर्जतच्या दुकानात यायची की लोकलने कल्याणला जायची, हे ठरायचे दिवस ते. म्हणून पाडवा. तोही साडेतीन मुहूर्तांतला पहिला, म्हणजे कुणी नाव ठेवायला नको.

श्लोक करायला त्यांनी मास्तरांना गाठलं. मास्तर निवृत्त झाले होते, मराठी आणि संस्कृत शिकवायचे, आणि रोज संध्याकाळी दुकानाच्या फळीवर बसून वर्तमानपत्र फुकट वाचायचे. त्या वाचनाची परतफेड म्हणून ते तयार झाले असावेत. पण त्यांची एक अट होती. श्लोकाचा पहिला गण आपण ठरवणार.

शाळेत ज्यांनी 'यमाताराजभानसलगा' घोकलं असेल त्यांना गण आठवतील. तीन-तीन अक्षरांचे गट, त्यांत लघू कुठे आणि गुरू कुठे यावरून आठ प्रकार. त्यातून वृत्त ओळखायचं एवढंच आपण शिकलो. मास्तरांच्या पिढीला आणखी एक गोष्ट माहीत होती. जुन्या छंदशास्त्रात प्रत्येक गणाला एक देवता आणि एक फळ दिलेलं आहे, आणि काव्याचा आरंभ ज्या गणाने होतो त्याचं फळ मिळतं असं मानतात. म गण पृथ्वीचा, तो लक्ष्मी देतो. य गण पाण्याचा, तो वृद्धी देतो. भ गण चंद्राचा, त्याने यश. न गण स्वर्गाचा, त्याने आयुष्य. हे चार शुभ. उरलेले चार वाईट: र गण अग्नीचा आणि त्याचं फळ मृत्यू, स गण वाऱ्याचा आणि त्याचं फळ देशोदेशी भटकंती, त गण आकाशाचा, त्याने धनाची शून्यता, आणि ज गण सूर्याचा, त्याने रोग.

हे खरं मानायचं का, असा प्रश्न आजोबांनी विचारलाच नाही. दुकानदाराला पहिल्या गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नसतं, दिवेलागणीला मीठ विकायचं नसतं. त्यात आणखी एक नियम. मला स्वतःला वाटतं, की फळांचं सोडून द्या, पण या नियमामुळे पहिल्या शब्दावर माणूस थांबतो. नाहीतर शुभेच्छांच्या कवितेचा पहिला शब्द कुणीच निवडत नाही, तो आपोआप पडतो.

काका तेव्हा खोपोलीच्या गाडीने मामाकडे जाऊन-येऊन असायचे आणि कविता करायचे. त्यांनी पहिला मसुदा आणला. आरंभ 'नववर्षाच्या' असा. मास्तरांनी बोटांवर मोजलं: न लघू, व लघू, आणि पुढचा 'व' रफाराच्या आधीचा म्हणून गुरू. ल ल गा. स गण, वारा, भटकंती. "म्हणजे तुझी गिऱ्हाइकं कल्याणला जाणार," असं म्हणून त्यांनी कागद परत दिला.

दुसरा मसुदा 'ग्राहकांना' असा सुरू होत होता. गा ल गा. र गण, अग्नी. दुकानामागे रॉकेलचं पिंप आणि पेंढ्यात बांधून आलेल्या काचेच्या बरण्या होत्या, तेव्हा आजोबांनी मास्तरांच्या आधीच मान हलवली. मास्तर म्हणाले, नुसतं 'ग्राहक' म्हणालास तर भ गण आहे, चंद्र आहे, यश आहे. तो 'कांना' लागला की आग लागते. काकांनी वैतागून तिसऱ्यांदा 'दुकान' या शब्दापासून सुरुवात केली. ल गा ल. ज गण. "रोग," मास्तर म्हणाले, आणि वर्तमानपत्र उघडलं. काका आजही हे सांगताना हसत नाहीत.

आजोबांच्या मनात मात्र वेगळीच ओळ होती. कार्डाचा खर्च करायचाच तर त्यातून वसुलीही व्हावी, असं त्यांना वाटत होतं. पावसाळ्यात आषाढ-श्रावणात घरातलं भात संपलं, की लोक वहीवर माल नेत आणि भात झालं की फेडत. काही जण फेडत नसत. आजोबांनी स्वतः एक ओळ बसवली होती, 'उधारी जुनी आज फेडून टाका'. गंमत म्हणजे ती वृत्तात चोख होती. म्हणून बघा: उधारी, जुनी आ, ज फेडू, न टाका. चारही गण लगागा. ज्या माणसाने शाळा चौथीत सोडली त्याच्या तोंडून निर्दोष भुजंगप्रयात निघाला, कारण हे वृत्त मनाच्या श्लोकांचं. लहानपणी संध्याकाळी परवचा म्हणताना दोनशे पाच श्लोकांचा ठेका अंगात मुरलेला असतो, तो हिशेबाच्या वेळीही बाहेर येतो.

मास्तरांनी ओळ ऐकली, खूश झाले, आणि मग गण मोजला. "उधारी हा य गण. फळ वृद्धी. श्लोक उधारीने सुरू केलास तर ती वाढेल." आजोबांनी ओळ तिथल्या तिथे खोडली. आत्याच्या मते मास्तरांना ती ओळ वृत्तासाठी आवडली होती पण कार्डावर नको होती, आणि गणाचं निमित्त त्यांना बरं सापडलं. असेलही. शुभेच्छा आणि तगादा एका कागदावर आले, की माणूस फक्त तगादा वाचतो. शेवटी वसुलीची आठवण कार्डात आली नाही. ज्यांचं बाकी होतं त्यांना आजोबा कार्ड स्वतः हातात द्यायचे आणि दुसरं काही बोलायचे नाहीत. त्याने काही जण फेडायचे, काही जण पुढच्या वर्षी पाडव्याच्या दिवसांत दुकानाकडे फिरकायचेच नाहीत.

वृत्त अशा रीतीने ठरून गेलं. मास्तरांच्या मनात शार्दूलविक्रीडित होतं, ते म गणाने सुरू होतं आणि म्हणून लक्ष्मीचं. पण ते मंगलाष्टकांचं वृत्त. आजी आतून म्हणाली म्हणे, की त्या चालीवर काही म्हटलंत तर लोक अक्षता शोधतील. भुजंगप्रयाताचे चारही गण य, म्हणजे ओळभर पाणी, ओळभर वृद्धी; उल्हास नदीकाठच्या गावाला पाण्याची वृद्धी किती हवी हा प्रश्न वेगळा. 'असो वर्ष आनंद नामे' ही ओळ मास्तरांचीच. संवत्सराचं नाव ओळीत बसवायचा त्यांना सोस, आणि 'आनंद' बसलाही छान.

दुसऱ्या ओळीचा किस्सा काकांच्या मसुद्यातून आला. काकांनी 'हिरवी शेतं' लिहिली होती. शहरातल्या छापील कार्डांवर तशी चित्रं असतात. पण चैत्रात कर्जतला शेत हिरवं कुठे असतं? भाताची शेतं कापून मोकळी, खोडं वाळलेली, आणि पेरणीच्या जागेवर पालापाचोळा, शेण, गवत पसरून राब भाजलेला, त्यामुळे मध्येमध्ये काळे चौकोन. डोंगरही करपलेले. हिरवं शेत वाचून कडावचा शेतकरी म्हणाला असता, हा कुठला पाडवा? या दिवसांत जे नवं असतं ते झाडांवर: पिंपळाची तांबूस पानं, कुसुमाची लालभडक पालवी, आंब्याचे कोवळे शेंडे. म्हणून 'नवी पालवी पालवो'. पालवी या घराला खुणावो, बोलावो. 'या घराला' कशाला, 'त्या' का नाही, असं काकांनी विचारलं तर मास्तर म्हणाले, कार्ड गिऱ्हाइकाच्या भिंतीवर लागणार, तिथून वाचलं की ते घर 'या' होतं. बरोबर आहे. फक्त आजोबा तोच श्लोक गल्ल्यावर बसून म्हणायला लागले, तेव्हा आशीर्वाद दुकानालाच मिळायला लागला.

आणि म्हणायला लागलेच ते, कारण निम्मी गिऱ्हाइकं वाचत नव्हती. ठाकूरवाडीतली माणसं, कातकरी बाया कार्ड उलटसुलट करून बघत आणि विचारत, "काय लिवलंय?" कातकऱ्यांतली बरीच कुटुंबं तर त्या दिवसांत वीटभट्ट्यांवर किंवा कोळशाच्या भट्ट्यांवर गेलेली असत, पावसाच्या तोंडावर परतत. मागे राहिलेली म्हातारी माणसं यायची. आजोबा श्लोक म्हणून दाखवत. बारा अक्षरांची ओळ एका श्वासात जाते, हा तिचा मोठा गुण. मास्तरांची मात्र तक्रार होती. सहाव्या अक्षरावर जीभ थोडी टेकायला हवी, ती तिसऱ्या-चौथ्या ओळीत बरोबर टेकते, 'घरी धान्य राहो', 'पुन्हा भेट होवो', पण पहिल्या दोन ओळींत शब्दाच्या मध्येच पडते. स्वतःच्याच ओळीबद्दल ते वर्षभर हे बोलत राहिले. आजोबांचं म्हणणं, कुणी अडखळलं नाही ना? मग राहू दे. या वादात मी मास्तरांच्या बाजूचा आहे. पहिल्या ओळी पाठ राहत नाहीत, शेवटच्या दोन राहतात, हे मी घरात पाहिलं आहे.

त्याच पाडव्याला एक ठाकरीण आजी दुकानात आली. आजोबांनी श्लोक म्हटला, तिने नीट ऐकून घेतला आणि पदर पसरला. आजोबांना कळेना. ती म्हणाली, "गाठी दे की. तूच म्हनलास ना, मुखी गोड गाठी." आजोबा समजावत होते की हे म्हणायचं असतं. तिला ते पटलं नाही. तिच्या हिशेबी दुकानदाराने चार लोकांसमोर बोललेली वस्तू म्हणजे दिलेली वस्तू. शेवटी दोरीतून गाठीचं एक पदक तोडून तिला दिलं. ते बाकीच्यांनी पाहिलं. दुसऱ्या वर्षीपासून दुकानात विकायच्या गाठ्यांचा एक खोका आणि वाटायच्या गाठ्यांचा दुसरा, असे दोन खोके यायला लागले. वाटायच्या गाठ्या लहान, पांढऱ्या, रंग न घातलेल्या. उरलेल्या पावसाळ्याआधी संपवाव्या लागत, नाहीतर मृग बरसला की साखरेला पाणी सुटतं आणि दोऱ्यासकट गोळा होतो. काव्याच्या एका शब्दाने एवढा खर्च लावलेला आमच्या घराण्यात दुसरा दाखला नाही. तरी ओळ बदलली नाही, कारण ठाकरीण आजी पुढच्या वर्षी वाडीतल्या चार जणींना घेऊन आली आणि मीठ-मिरचीही घेऊन गेली.

खोपोलीच्या मामांचं प्रकरण तिसरंच. ते टाटांच्या वीजघरात नोकरीला होते, १९१५ सालापासून चालू असलेलं ते वीजघर म्हणजे खालापूर तालुक्याची शान, असं त्यांचं मत. कार्डाच्या चर्चेत ते आले ते एकच मागणी घेऊन: श्लोकात महडचा वरदविनायक पाहिजे. अष्टविनायकांतला गणपती आपल्या तालुक्यात आणि तुम्ही पालवी-बिलवी काय लिहिता! मास्तरांनी सांगितलं, की 'वरद' तीनही लघू, न गण, फळ आयुष्य, शुभ आहे. देवाचं नाव असलं तर गण वाईट असला तरी दोष लागत नाही. पण तीन लघूंनी भुजंगप्रयात सुरू होणार नाही. मामा म्हणाले, मग वृत्त बदला. आजोबांनी वाद एका वाक्यात मिटवला. देवाचं नाव असलेलं कार्ड पायाखाली आलं तर पाप आपल्याला, आणि दुकानात पुड्या बांधायला लोक ते परत आणून देतात. वरचा 'श्री' त्यांना चालला, कसा ते विचारू नये.

छपाई एका छोट्या ट्रेडलवर झाली. शिशाचे खिळे हाताने जुळवायचे ते दिवस. मोठ्या आकाराच्या खिळ्यांत कंपोझिटरकडे 'ठी' एकच होता. श्लोकात 'गाठी' आणि 'साठी' असे दोन. कंपोझिटर आजोबांना म्हणाला, शेठ, कवीला सांगा एक ठी कमी करा. लग्नपत्रिकेच्या बारीक वळणाच्या खिळ्यांतला दुसरा 'ठी' घालून वेळ भागवली. आमच्याकडे हिशेबाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेलं ते कार्ड आहे. 'गाठी'चा ठी जाडजूड आणि 'साठी'चा उपाशी. छापून झाल्यावर आजोबांनी सांगितलं, मजकूर सोडू नका, दोरीने बांधून तसाच ठेवा. दरवर्षी तेवढं संवत्सराचं नाव बदलू, जुळणीचे पैसे वाचतील. ही काटकसर आजोबांना फार आवडली होती.

पुढच्या पाडव्याआधी पंधरा दिवस कंपोझिटरने निरोप पाठवला: "यंदाचं नाव काय घालू?" पंचांग उघडलं आणि राक्षस निघाला.

ग्रामजोशी पाडव्याला दुकानादुकानांत फिरून वर्षफल वाचत. वर्षाचा राजा कोण, मंत्री कोण, पाऊस किती, धान्य महाग की स्वस्त. राजा काढायची रीत साधी आहे: पाडवा ज्या वारी, त्या वाराचा ग्रह राजा. जोशीबुवांचं ठाम मत पडलं, की नाव घातलंच पाहिजे. संवत्सराचं नाव न उच्चारता दिलेली शुभेच्छा कुठल्या वर्षाला लागू होणार? संकल्पात आपण दर वेळी संवत्सराचं नाव घेतो, ते चांगलं की वाईट बघत नाही. इथवर त्यांचं बरोबर होतं. मग ते म्हणाले, राक्षस संवत्सरात राक्षसाला नमस्कार केला की तो शांत होतो, आणि यावर मात्र मास्तर पुस्तक कुठलं म्हणून विचारायला लागले. जूनमध्ये आणीबाणी लागली तेव्हा जोशीबुवा सगळ्या बाजारपेठेला सांगत फिरले, की मी म्हटलं होतं. त्यांनी नमस्कार करा एवढंच म्हटलं होतं.

निकाल दिला तो वृत्ताने. मास्तरांनी फळीवर बसून ओळ म्हणून पाहिली. 'असो वर्ष राक्षस नामे'. आनंद शब्दात गा गा ल आहे, तो 'र्ष आनं, द नामे' असा चपखल बसतो. राक्षस म्हणजे गा ल ल. तो घातला की ओळ मध्येच खड्ड्यात जाते. "बसत नाही," मास्तर म्हणाले, आणि आत्या सांगते की आजोबांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान तिने गल्ला मोजतानाही पाहिलं नव्हतं. जोशीबुवांना सांगायला कारण मिळालं. नाव टाळलं असं झालं नाही, नाव बसलं नाही.

मग पहिली ओळ नव्याने केली: 'गुढीपाडवा आज दारात आला'. गुढीपा, ल गा गा, य गण. काकांचा दावा आहे तो या ओळीवर, आणि मला तो खरा वाटतो, कारण मास्तरांनी सहाव्या अक्षरावर 'आज' तुटू दिला नसता. पत्त्याच्या वर आकड्यात 'शके १८९७' घातलं, नावाशिवाय. तेव्हापासून आमच्या कार्डावर आकडाच आहे. पुढे १९८३ला रुधिरोद्गारी आलं, १९८६ला क्षय आलं. कंपोझिटरला कधी विचारावं लागलं नाही.

शेवटच्या ओळीतल्या 'सुखाच्याच' मधल्या 'च'वर मास्तरांचा शेवटपर्यंत आक्षेप होता. तो भरतीचा आहे, अक्षर कमी पडलं म्हणून कोंबला आहे, असं ते म्हणत. आजोबा त्यावर एकदाच बोलले. किराण्याच्या दुकानात लग्नाची यादी येते तशी तेराव्याचीही येते. तांदूळ तेच, गूळ तोच. यादी हातात घेताना दुकानदाराला कळतं कोणती आहे ते, कारण तेराव्याची यादी आणणारा भाव विचारत नाही. अशा गिऱ्हाइकाला 'पुन्हा या' म्हणता येत नाही. म्हणून पुन्हा भेट होवो, पण सुखाच्याच साठी. मास्तर गप्प बसले, तरी 'च' भरतीचाच, असं घरी जाताना आत्याला म्हणाले. मला वाटतं चारही ओळींत दुकानदाराचं म्हणून काही असेल तर ते त्या एका अक्षरात आहे. बाकीचा श्लोक कुणीही कुणालाही द्यावा.

ट्रेडल गेली, बांधून ठेवलेला मजकूर कधीतरी वितळवला गेला. चुलतभाऊ दुकान बघतो, तो श्लोक फोनवरून पाठवतो. २०२० साली पाडवा २५ मार्चला होता, म्हणजे टाळेबंदीचा पहिलाच दिवस. संवत्सर शार्वरी, रात्र. दुकान किराण्याचं म्हणून उघडं, पण समोर चुन्याची वर्तुळं आणि त्यांत एकेक माणूस. त्या सकाळी त्याने श्लोक पाठवला तेव्हा एरवी हात जोडलेलं चित्र टाकून मोकळी होणारी माणसं चौथी ओळ परत लिहून पाठवत होती. 'गुढीपाडवा आज दारात आला' हे वाचून एकाने लिहिलं, बरं झालं तो आला, आम्हांला बाहेर जाता येत नाही.

२०२६चा पाडवा १९ मार्चला, गुरुवारी. शके १९४८; बारा मिळवले, साठाने भागले, बाकी ४०. चाळिसावं संवत्सर पराभव. चुलतभावाने मला फोन करून विचारलं, काही दुकानांच्या संदेशांत 'पराभव नाम संवत्सराच्या हार्दिक शुभेच्छा' असं यायला लागलंय, आपणही घालायचं का? मी ओळ म्हणून पाहिली. पराभव म्हणजे ल गा ल ल. तोही बसत नाही.

कर्जत-खालापुरात किंवा आणखी कुठे कुणा दुकानदाराला हा श्लोक हवा असेल तर खुशाल घ्या, नाव द्यायची गरज नाही. संवत्सराचं नाव घालू नका, शकाचा आकडा घाला, आणि गल्ल्यावर मोठ्याने म्हणणार असाल तर गाठ्यांचा जादा खोका आधी मागवून ठेवा.